कोअर स्विच बदल : गुरुवार रात्रीच्या देखभाल-वेळेची योजना आणि प्रकल्प नोंदी

सोमवार, 6 जानेवारी 2025

चाकणच्या कारखान्यातील मुख्य कोअर स्विच बदलण्याची चेंज रिक्वेस्ट आज लिहायला घेतली. सध्याचा कोअर म्हणजे सात खणांची एकच चासी आहे. तिच्यावर बारा ॲक्सेस स्विचच्या प्रत्येकी दोन फायबर जोडण्या, सर्व्हर स्विचच्या चार आणि फायरवॉलच्या दोन अशा एकूण तीस केबल येतात, आणि सर्व व्हीलॅनचे गेटवेही तिच्यावरच आहेत. तिच्या जागी दोन नवे स्विच बसतील. ते आपसांत जोडून एकच स्विच असल्याप्रमाणे चालवायचे आहेत, जेणेकरून पुढे त्यातला एक बंद पडला तरी उत्पादन थांबणार नाही.

वेळेचा प्रश्न सर्वांत आधी सोडवला. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी सकाळी सातला तिसरी पाळी सुटते आणि शुक्रवारी सकाळी सातला पहिली पाळी सुरू होते. म्हणून गुरुवारी रात्री 10 ते शुक्रवारी पहाटे 4 ही सहा तासांची वेळ मागितली आहे. दिवसा काम का करत नाही, असे उत्पादन विभागाने विचारले. त्याचे कारण महावितरण आहे. देखभालीसाठीचा वीजपुरवठा बंद आमच्या भागात बहुधा गुरुवारीच, दिवसा घेतला जातो. अर्धे नेटवर्क जुन्या कोअरवर आणि अर्धे नव्यावर असताना वीज गेली आणि जनरेटर चालू होताना गडबड झाली, तर दोष कशात आहे हे शोधणेही अवघड होईल.

पहाटे 4 आणि सकाळी 7 यांमधले तीन तास योजनेत मोजायचे नाहीत. ते ईआरपी आणि बारकोड छपाईची तपासणी करणाऱ्यांचे आहेत.

गुरुवार, 9 जानेवारी 2025

आज सुट्टीचा दिवस असल्याने सर्व्हर रूममध्ये शांतपणे पाहणी करता आली. नवे स्विच जुन्या चासीच्या शेजारच्या रॅकमध्ये बसवता येतील, म्हणजे जुने काढून नवे बसवण्याची वेळ येणार नाही. माझ्या दृष्टीने संपूर्ण योजनेचा पाया हाच आहे. जुनी चासी त्या रात्री जागची हलणार नाही आणि बंदही होणार नाही. वर्षानुवर्षे अखंड चालत असलेले वीजपुरवठ्याचे युनिट एकदा थंड झाल्यावर पुन्हा सुरू होईलच याची खात्री देता येत नाही, आणि ज्या यंत्राकडे माघारी वळायचे तेच आपल्या हाताने बंद करणे म्हणजे परतीचा पूल तोडणे होय.

दोन किरकोळ वाटणाऱ्या, पण त्या रात्री काम अडवू शकणाऱ्या गोष्टी सापडल्या. जुन्या चासीच्या पॉवर कॉर्ड सोळा अँपिअरच्या मोठ्या पिनेच्या आहेत, तर नव्या स्विचना संगणकाला लागते तशी साधी कॉर्ड लागते. त्यासाठी यूपीएसच्या दोन वेगवेगळ्या फेजवरून दोन पट्ट्या मागवल्या आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे फायबर जेथे संपते त्या एलआययूवर जुन्या पद्धतीची चौकोनी एससी सॉकेट आहेत आणि स्विचच्या एसएफपीला लहान एलसी टोक लागते. सध्याच्या पॅच कॉर्ड शेजारच्या रॅकपर्यंत पोहोचत नाहीत, तेव्हा एससी ते एलसी अशा पाच मीटरच्या नव्या पॅच कॉर्ड लागतील. त्यामुळे प्रत्येक जोडणीसाठी जुनी आणि नवी अशा दोन कॉर्ड उपलब्ध राहतील. ही आपल्या सोयीची बाब आहे. जुन्या कॉर्ड चासीत तशाच राहू द्यायच्या आणि फक्त एलआययूकडचे टोक बदलायचे.

पेंट शॉपची फायबर साडेबासष्ट मायक्रॉनची जुनी मल्टिमोड आहे. तिच्यावर दहा गिगाबिटचे एसआर एसएफपी सुमारे 33 मीटरपर्यंतच चालते, आणि पेंट शॉप त्याहून बरेच लांब आहे. म्हणून ती जोडणी नव्या कोअरवरही एक गिगाबिटच्या एसएक्स एसएफपीवरच राहील. बाकीच्या फायबर ओएम3 प्रतीच्या आणि अंतराने आवाक्यात आहेत.

बुधवार, 15 जानेवारी 2025

संक्रांतीनंतर आज कामाला बसलो तो गेटवेच्या प्रश्नावर. केबल हलवण्यापेक्षा मला याचीच अधिक काळजी वाटते.

शॉप फ्लोअरच्या व्हीलॅन 30 मध्ये सर्व यंत्रांचा गेटवे 10.20.30.1 आहे आणि हा पत्ता जुन्या कोअरवर थेट लिहिलेला आहे. सरळ मार्ग असा की त्या रात्री जुन्यावरचा इंटरफेस बंद करायचा आणि तोच पत्ता नव्यावर चालू करायचा. परंतु आयपी पत्ता तोच राहिला तरी त्यामागचा मॅक पत्ता बदलतो. संगणक तो बदल लगेच स्वीकारतात. पीएलसी, वजनकाट्याचे टर्मिनल, जुने लेबल प्रिंटर यांच्याबद्दल तसे सांगता येत नाही. शिवाय परत फिरायचे ठरले तर हाच सर्व प्रकार उलट्या दिशेने, पहाटे तीन वाजता, दमलेल्या माणसांनी करायचा.

म्हणून हा बदल दोन भागांत तोडला आहे. आधीच्या एका गुरुवारी जुन्या कोअरवरच एचएसआरपी सुरू करायचे. जुन्याचा स्वतःचा पत्ता .2 होईल आणि .1 हा पत्ता आभासी होईल.

```
interface Vlan30
 ip address 10.20.30.2 255.255.255.0
 standby 30 ip 10.20.30.1
 standby 30 priority 110
 standby 30 preempt
```

आभासी पत्त्याचा मॅक गट क्रमांकावरून ठरतो. गट 30 चा मॅक `0000.0c07.ac1e` येतो, कारण 30 हा आकडा सोळाच्या पायात 1e असा लिहिला जातो. गेटवे पुढे कोणत्याही स्विचवर गेला तरी हा मॅक त्याच्याबरोबर जाईल. नव्या कोअरवर .3 हा पत्ता, 90 अशी कमी प्रायॉरिटी आणि तीच `standby 30 preempt` ही ओळ देऊन ठेवायची. मग त्या रात्री एका व्हीलॅनचा गेटवे हलवणे म्हणजे नव्यावर एक ओळ लिहिणे, आणि परत आणणे म्हणजे तीच ओळ जुन्या आकड्यासह लिहिणे.

```
interface Vlan30
 standby 30 priority 120
```

फायरवॉलशी जोडणाऱ्या व्हीलॅन 250 मध्येही हेच करायचे आहे. फायरवॉलवर आतल्या सर्व नेटवर्कचा मार्ग 10.20.250.1 कडे दाखवलेला आहे; तो पत्ता आभासी झाला की फायरवॉलला हात लावण्याची गरज उरत नाही.

मंगळवार, 21 जानेवारी 2025

.2 आणि .3 हे पत्ते प्रत्येक व्हीलॅनमध्ये मोकळे आहेत का ते तपासले. केवळ पिंग करून समाधान मानले नाही, कारण पिंगला उत्तर न देणारी साधने असतात. जुन्या कोअरच्या एआरपी तक्त्यातही पाहिले. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅन 40 मध्ये .3 हा पत्ता रेकॉर्डरने घेतलेला आहे. तिथे नव्या कोअरला .4 देऊ. हे त्या रात्री कळले असते तर रेकॉर्डर आणि गेटवे यांच्यात पत्त्याचा झगडा झाला असता आणि लक्षण फक्त “कॅमेरे मधूनमधून दिसत नाहीत” एवढेच दिसले असते.

नव्या स्विचवर व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडमध्ये ठेवले आहे. जुना कोअर व्हीटीपी सर्व्हर आहे. नव्या स्विचवर त्याच डोमेनचे नाव आणि अधिक मोठा रिव्हिजन क्रमांक असेल, तर जोडणी होताच तो आपली व्हीलॅनची यादी साऱ्या स्विचवर लादतो. नव्याची यादी रिकामी असली तर कारखान्यातल्या सर्व पोर्टचे व्हीलॅन नाहीसे होतात. हे संकट एका ओळीने टळते, म्हणून ती ओळ तपासणी-यादीत सर्वांत वर आहे आणि तिच्यापुढे दोघांच्या सह्या लागतील.

स्पॅनिंग ट्रीमध्ये जुना कोअर 24576 या प्रायॉरिटीने रूट आहे. नव्याला तूर्त 28672 दिले आहे. सर्व केबल हलल्यावर नव्याचा आकडा 20480 करू, म्हणजे जुन्यावर काहीही न बदलता रूट नव्याकडे जाईल, आणि परतायचे झाल्यास पुन्हा 28672.

शुक्रवार, 31 जानेवारी 2025

काल, सुट्टीच्या दिवशी, जुन्या कोअरवर एचएसआरपी सुरू केले. पत्ता बदलताना दूरस्थ जोडणी तुटतेच, म्हणून सर्व काम कन्सोल केबल लावून केले. व्हीलॅनमागून व्हीलॅन पुढे गेलो, प्रत्येकानंतर त्या विभागातल्या ओळखीच्या साधनाला पिंग केले. सर्व सुरळीत झाले आणि आज सकाळी कोणाचीही तक्रार आली नाही.

मात्र या शांततेवरून निष्कर्ष काढता येणार नाही, हे चेंज रिक्वेस्टमध्ये मुद्दाम लिहिले. एखाद्या साधनाने जुन्या चासीचा मॅक धरून ठेवला असेल, तर त्याचा डेटा आजही जुन्या चासीकडेच जातो, ती तो स्वीकारते आणि पुढे पाठवतेही. म्हणून ते साधन आज बिघडणार नाही. गेटवे नव्याकडे गेल्यावरही बिघडणार नाही, कारण जुन्याचा .2 चा इंटरफेस चालूच असेल आणि चुकीच्या दारावर आलेली पाकिटे तो मुकाट्याने पुढे पाठवत राहील. ते बिघडेल पुढे कधीतरी, जुनी चासी बंद होईल त्या दिवशी, जेव्हा या बदलाची आठवण कोणालाही नसेल.

यावर उपाय एकच दिसतो. त्याच रात्री, परत फिरण्याइतका वेळ हातात असताना, जुन्यावरचे व्हीलॅन इंटरफेस एकेक करून बंद करायचे. जे काही छुपेपणाने जुन्यावर विसंबून असेल ते तेव्हाच उघडे पडले पाहिजे. ही पायरी योजनेत 01:30 ला टाकली आहे.

सोमवार, 3 फेब्रुवारी 2025

आज परत फिरण्याचा सराव केला. टेबलावर एक एलआययू आणि दोन सुटे स्विच मांडून सहा जोडण्या हलवल्या आणि परत आणल्या. एकाने लेबल मोठ्याने वाचायचे आणि टोक काढायचे, दुसऱ्याने यादीत खूण करून जोडायचे आणि दिवा लागल्याचे सांगायचे. सहा जोडण्या परत आणायला दहा मिनिटे लागली. त्या हिशेबाने तीस जोडण्यांना पन्नास मिनिटे. घाई केली तर वेळ कमी होतो, पण लेबल वाचण्यात चूक होते, म्हणून पन्नासच धरली.

त्यात तपासणीची तीस मिनिटे आणि अनपेक्षित गोष्टींसाठी पंचवीस मिनिटे मिळवली की एकशे पाच मिनिटे होतात. पहाटे 4 मधून ती वजा केल्यावर 02:15 येतात. हा निर्णयाचा क्षण आहे. 02:15 वाजता ठरवलेल्या चाचण्या पूर्ण झालेल्या नसतील, तर परत फिरायचे, मग दोष कितीही हाताशी आल्यासारखा वाटत असो. हा निर्णय काम करणाऱ्याने घ्यायचा नाही. घड्याळ पाहून तो देखभाल प्रमुखांनी जाहीर करायचा, कारण हातात कन्सोल असलेल्या माणसाला नेहमी आणखी पाचच मिनिटे हवी असतात.

सरावात आणखी एक गोष्ट दिसली. काही ॲक्सेस स्विचच्या दोन जोडण्यांचे पोर्ट-चॅनल एलएसीपीवर आहे, पण तीन जुन्या स्विचवर ते ‘ऑन’ या स्थितीत, म्हणजे कोणतीही बोलणी न करता जोडलेले आहे. एलएसीपीवर एक टोक जुन्या कोअरमध्ये आणि एक नव्यात राहिले, तर दोन्हींची ओळख वेगळी असल्याचे स्विचला कळते आणि तो दोन्ही एकत्र बांधत नाही. ‘ऑन’ स्थितीत त्याला काहीच कळत नाही. तो दोन्ही बाजूंना डेटा वाटत राहतो, मॅक पत्ते इकडून तिकडे उड्या मारू लागतात आणि फेरा तयार होण्याची शक्यता असते. म्हणून सर्वांसाठी एकच नियम केला. आधी दोन्ही टोके काढायची, मग दोन्ही जोडायची. त्या विभागाचे नेटवर्क मिनिट-दोन मिनिटे जाईल आणि ते मान्य आहे.

शुक्रवार, 7 फेब्रुवारी 2025

बदल मंजुरीच्या बैठकीत योजना मांडली. उत्पादन प्रमुखांचा प्रश्न नेमका होता. “साहेब, परत फिरायचं म्हणजे तुम्ही सगळ्या केबल पुन्हा काढणार. त्यात काही तुटलं तर?” त्यांना सांगितले की परत फिरण्याच्या तीन पातळ्या आहेत आणि केबल परत नेण्याची वेळ फक्त शेवटच्या पातळीवर येते.

पहिली पातळी एका जोडणीची. एखादी जोडणी नव्या कोअरवर दहा मिनिटांत नीट आली नाही, तर तेवढीच जुन्याकडे परत न्यायची आणि काम पुढे चालू ठेवायचे. जुना आणि नवा कोअर त्या रात्री दहा गिगाबिटच्या दोन केबलच्या ट्रंकने जोडलेले असतील, त्यामुळे ॲक्सेस स्विच कोणत्याही बाजूला असला तरी त्याला सर्व व्हीलॅन मिळतात. दुसरी पातळी गेटवेची. एखाद्या व्हीलॅनमध्ये गेटवे हलवल्यावर अडचण आली, तर आधी जुन्यावरचा इंटरफेस चालू असल्याची खात्री करायची, मग नव्यावरची प्रायॉरिटी 90 करायची. केबल नव्या कोअरमध्येच राहतील, डेटा ट्रंकवरून जुन्याकडे जाईल आणि कारखाना चालेल. तिसरी पातळी म्हणजे नवे हार्डवेअरच निकामी झाले तर. तेव्हा तीसही केबल परत जातील. त्या पन्नास मिनिटांचा हिशेब त्यासाठीच आहे.

संपूर्ण माघारीतही क्रम हाच राहील. आधी गेटवे, मग स्पॅनिंग ट्रीचे रूट, आणि केबल सर्वांत शेवटी. गेटवे एका मिनिटात परत जातात आणि त्यानंतर केबल शांतपणे हलवता येतात. उलट क्रमाने गेलो तर प्रत्येक केबल निघताना ट्रंकवरचा ताण आणि गोंधळ दोन्ही वाढतात.

एक मर्यादाही बैठकीत नोंदवून घेतली. काही व्हीलॅनचे गेटवे जुन्यावर आणि काहींचे नव्यावर अशी स्थिती रात्रीपुरती चालेल, पण सकाळी तशी सोडता येणार नाही. जाणारा डेटा एका कोअरमधून आणि येणारा दुसऱ्यातून जाऊ लागला की एका स्विचच्या एआरपी तक्त्यात साधन चार तास टिकते, पण मॅक तक्त्यातून त्याचे नाव पाच मिनिटांत गळते, आणि मग त्याचा डेटा त्या व्हीलॅनच्या साऱ्या पोर्टवर पसरत राहतो. रात्री रिकाम्या कारखान्यात हे जाणवणार नाही. दिवसा कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये नक्की जाणवेल. म्हणून गेटवे सर्व इकडे किंवा सर्व तिकडे.

सुरक्षा विभागाने वेगळा मुद्दा काढला आणि तो योग्य होता. सर्व्हर रूमच्या दाराचे कार्ड यंत्र याच नेटवर्कवर आहे. त्या रात्री दाराची साधी किल्ली रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाकडून सही करून घ्यायची आणि आयपी फोनवर विसंबून न राहता मोबाइलवर बोलायचे, असे ठरले. योजना मंजूर झाली.

बुधवार, 12 फेब्रुवारी 2025

उद्याच्या महावितरणच्या सूचनेची खात्री केली. आमच्या फीडरवर वीज बंद नाही. नवे स्विच रॅकमध्ये वीज देऊन आठवडाभर चालू आहेत, त्यांच्यावर एकही त्रुटी नोंदलेली नाही. पॅच कॉर्डच्या दोन्ही टोकांना लेबल लावून झाली. प्रत्येक लेबलवर जुना पोर्ट, नवा पोर्ट आणि विभाग लिहिला आहे.

जुन्या कोअरवरची स्थिती आज एकदा नोंदवली आणि उद्या काम सुरू होण्यापूर्वी पुन्हा नोंदवू. याच नोंदीशी नंतरची स्थिती ओळ-ओळ ताडून पाहायची आहे.

```
terminal length 0
show interfaces status
show etherchannel summary
show mac address-table dynamic
show ip arp
show standby brief
show spanning-tree root
show interfaces transceiver
```

यातली शेवटची ओळ प्रत्येक फायबरवर किती प्रकाश पोहोचतो ते सांगते. दिवा लागला म्हणजे जोडणी ठीक, असे समजायचे नाही. आधीचा आणि नंतरचा आकडा जवळपास सारखा असला पाहिजे.

गुरुवार, 13 फेब्रुवारी 2025, रात्र

22:00. काम सुरू. स्थिती नोंदवली. किल्ली आमच्याकडे आहे. देखभाल प्रमुख हजर आहेत, घड्याळ त्यांच्याकडे.

22:30. व्हीटीपीची ओळ दोघांनी पाहून सह्या केल्या, मग जुना आणि नवा कोअर जोडणारी ट्रंक चालू केली. रूट जुन्याकडेच आहे, व्हीलॅनची यादी जशीच्या तशी आहे. एचएसआरपीमध्ये सर्व व्हीलॅनवर जुना सक्रिय आणि नवा राखीव दिसतो.

22:45. पहिला ॲक्सेस स्विच म्हणून स्टोअरचा हलवला. तिथे बारकोड वाचणारी यंत्रे आणि दोन संगणक आहेत, म्हणजे बिघडले तरी नुकसान थोडे आणि कळते मात्र लगेच. दोन्ही टोके काढून जोडली. पोर्ट-चॅनलवर दोन्ही जोडण्या बांधलेल्या दिसल्या. अर्धा तास थांबून त्रुटींचे आकडे पाहिले, वाढ नाही.

23:15 पासून बाकीचे. दहा स्विच अडचणीशिवाय आले. पेंट शॉप मुद्दाम शेवटी ठेवला होता. 00:05 ला तो जोडल्यावर दिवा लागला, पण सीआरसी त्रुटींचा आकडा पाहता पाहता वाढू लागला. आधीच्या नोंदीत येणारा प्रकाश उणे 9.4 डीबीएम होता. आता उणे 19.6 दाखवत होता. या प्रकारच्या एसएफपीसाठी उणे 17 च्या खाली गेले की भरवसा राहत नाही. 00:15 ला, दहा मिनिटे पूर्ण होताच, योजनेप्रमाणे तो स्विच जुन्याकडे परत नेला. तिकडे तो लगेच पूर्ववत झाला, म्हणजे जमिनीखालची फायबर चांगली आहे आणि दोष आमच्या नव्या पॅच कॉर्डमध्ये आहे. कॉर्डचे एससी टोक तपासणीच्या लहान सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा पांढऱ्या गोल फेरूलच्या मध्यावर, नेमका प्रकाश जिथून जातो तिथेच, धुळीचा एक काळा कण बसलेला दिसला. कोरड्या क्लीनरने दोनदा टिपल्यावर टोक स्वच्छ झाले. तरीही रात्री त्यावर वेळ न घालवता सुटी ठेवलेली कॉर्ड आधी तपासून घेतली आणि पेंट शॉप यादीच्या शेवटी ठेवला.

00:30. सर्व्हर आणि फायरवॉलच्या सहा जोडण्या हलवल्या. फायरवॉलची राखीव जोडणी आधी, चालू जोडणी नंतर.

00:50. पेंट शॉप नव्या कॉर्डवर. प्रकाश उणे 9.8. त्रुटी नाहीत.

01:00. गेटवे हलवायला सुरुवात. आधी कार्यालयाचा व्हीलॅन 20, मग फोन, कॅमेरे, शॉप फ्लोअर, सर्व्हर, आणि शेवटी फायरवॉलकडचा व्हीलॅन 250. प्रत्येक वेळी एखाद-दुसरा पिंग चुकला, कधी एकही नाही.

01:20. नव्या कोअरची स्पॅनिंग ट्री प्रायॉरिटी 20480 केली. सर्व व्हीलॅनचे रूट नव्याकडे आले.

01:30. जुन्यावरचे व्हीलॅन इंटरफेस बंद करायला घेतले. कार्यालय, फोन, कॅमेरे, काही फरक नाही. 01:38 ला व्हीलॅन 30 बंद केला आणि वजनकाट्याच्या टर्मिनलचा सर्व्हरशी संपर्क तुटला. इंटरफेस पुन्हा चालू केला, संपर्क लगेच आला. बंद केला, गेला. काट्यावर बसलेल्या सहकाऱ्याला मोबाइलवरून `arp -a` चालवायला सांगितले, आणि त्याने वाचून दाखवलेल्या ओळीत गेटवेपुढे जुन्या चासीचा मॅक व त्याच्यापुढे `static` हा शब्द होता. संगणक सुरू होताना चालणाऱ्या बॅच फाइलमध्ये `arp -s` ची ओळ कोणीतरी पूर्वी लिहून ठेवली होती. ती काढली, नोंद पुसली, टर्मिनल पुन्हा सुरू केले. 01:55 ला जुन्याचा व्हीलॅन 30 बंद असताना काट्यावर एक चाचणी वजन नोंदवले आणि ते ईआरपीमध्ये दिसले.

02:05. उरलेले इंटरफेसही बंद. जुनी चासी आता फक्त ट्रंकला लटकलेली आहे, तिच्यावर वीज चालू.

02:15. देखभाल प्रमुखांनी यादी वाचली. पंचवीसपैकी पंचवीस चाचण्या पूर्ण. पुढे जाण्याचा निर्णय.

03:20. कालच्या आणि आताच्या मॅक तक्त्यांची तुलना संपली. नऊ पत्ते दिसत नव्हते; त्यांपैकी आठ संगणक सुट्टीमुळे बंद आहेत आणि एक प्रिंटर झोपेच्या स्थितीत होता, तो जागा केल्यावर आला. 03:40 ला नेटवर्क ईआरपी चमूच्या ताब्यात दिले.

शुक्रवार, 14 फेब्रुवारी 2025

पहिली पाळी सातला सुरू झाली. साडेनऊपर्यंत सर्व्हर रूममध्येच थांबलो. वजनकाट्यावर पहिली गाडी आली तेव्हा स्वतः जाऊन पाहिले. वजन नोंदले गेले, पावती छापली गेली. अशाच हाताने लिहिलेल्या नोंदी आणखी कुठे आहेत का, हे शोधण्यासाठी शॉप फ्लोअरवरच्या सर्व औद्योगिक संगणकांची यादी काढायला सांगितली आहे. रात्री आम्हाला सापडला तो फक्त त्या वेळी चालू असलेला संगणक होता; सुट्टीमुळे बंद असलेल्या आठांपैकी एखाद्यातही तशीच ओळ असू शकते. म्हणून आज ते आठही चालू झाल्यावर प्रत्येकाचा सर्व्हरशी संपर्क तपासला. सर्व ठीक आहेत.

शुक्रवार, 28 फेब्रुवारी 2025

जुन्या कोअरचे कॉन्फिगरेशन सर्व्हरवर आणि एका पेनड्राइव्हवर जतन केले. काल, सुट्टीच्या दिवशी, नव्या कोअरच्या बाजूने ट्रंकचे पोर्ट बंद करून चोवीस तास थांबलो. कोणत्याही विभागातून तक्रार नाही. आज दुपारी जुन्या चासीची वीज बंद केली. नव्या कोअरवर एचएसआरपी तसेच ठेवले आहे, कारण आभासी मॅक काढला तर साऱ्या साधनांना पुन्हा नवा मॅक शिकावा लागेल. चेंज रिक्वेस्ट बंद करण्यासाठी देखभाल प्रमुखांकडे पाठवली. तिला वजनकाट्याची नोंद, पेंट शॉपच्या प्रकाशाचे आकडे आणि नव्या कोअरचा पोर्ट-नकाशा जोडला आहे.